टायटलच्या आधीची ३४ सेकंदं: लघु माहितीपटाचं कोल्ड ओपन कसं कापायचं

प्रश्न: समुद्राच्या तळाशी अडकलेली, सोडून दिलेली मासेमारीची जाळी काढणाऱ्या डायव्हरवर १२ मिनिटांची डॉक्युमेंटरी एडिट करतोय. एका डाइव्हमध्ये तीच जाळ्यात अडकली आणि ते सगळं शूट झालंय. तो भाग टायटलच्या आधी टाकायचा आहे. किती दाखवू आणि कुठे थांबू?

उत्तर:

अडकण्यापर्यंतचं दाखवा, सुटका दाखवू नका आणि कशात अडकली तेही लपवा. १२ मिनिटांच्या फिल्मला ३० ते ४० सेकंदं पुरतात. मिनिटाच्या वर गेलात तर तो टीझर राहत नाही, फिल्मचा पहिला सीन होतो, आणि मग मधेच टायटल का आलं असं वाटायला लागतं.

सुरुवात मात्र टीझरपासून करू नका. आधी फिल्मचा रफ कट पूर्ण करा आणि त्यात हा प्रसंग त्याच्या मूळ जागी नीट बसवा. समजा तो ७:४० ला सुरू होतो आणि ९:०५ ला ती सुटते, म्हणजे ८५ सेकंदांचा प्रसंग. तो त्या जागी उभा राहिल्याशिवाय त्यातलं काय उसनं घेता येईल ते कळत नाही. आधी टीझर कापणारे हमखास सगळे चांगले शॉट त्यात घालून बसतात आणि ७:४० ला पोचल्यावर हातात उरलेलं फुटेज शोधत बसतात.

तुमच्याकडे बहुधा दोन कॅमेरे असतील: एक तिच्या मास्कवर लावलेला आणि एक जोडीदाराच्या हातात. मग वाटणी सोपी आहे. टीझर जवळजवळ पूर्ण जोडीदाराच्या कॅमेऱ्यातून कापा आणि मास्कचा कॅमेरा ७:४० साठी राखून ठेवा. म्हणजे प्रेक्षक आधी तिला बाहेरून बघतो आणि दुसऱ्या वेळी तिच्या जागी जातो. प्रसंग तोच असला तरी दुसऱ्यांदा तो शिळा वाटत नाही.

टीझर मी असा लावेन. पहिली ३ सेकंदं पूर्ण काळी, फक्त आवाज: रेग्युलेटरमधून श्वास आत घेतल्याचा घोगरा फुत्कार आणि बाहेर सोडल्यावर बुडबुड्यांची घरघर. पुढची ८ सेकंदं वाइड: ती जाळ्याचा एक भाग कापतेय, काम शांतपणे चाललंय. घाई करून हा शॉट छाटू नका. सगळं ठीक चाललेलं दिसलं तरच बिघडलेलं कळतं. मग ७ सेकंदं हात, सुरी आणि तुटणारे दोरे. एवढाच एक शॉट मास्कच्या कॅमेऱ्यातून घ्यायला हरकत नाही. पुन्हा वाइड, ६ सेकंदं: ती पुढे सरकायला जाते आणि मागून हिसका बसतो. इथे कट मारायचा मोह होईल, मारू नका. हिसक्यानंतर ती जागच्या जागी थांबते तो वेळ तसाच राहू द्या. नंतर ७ सेकंदं तिचा हात पाठीमागे चाचपडतोय, पण सिलिंडरच्या व्हॉल्व्हभोवती पडलेला पीळ फ्रेममध्ये येऊ देऊ नका. शेवटी ३ सेकंदं मास्कमागचे डोळे. ती जोडीदाराकडे बघते, श्वास आत घेते आणि कट टू ब्लॅक. झाली ३४ सेकंदं.

शेवटच्या कटची जागा फ्रेम-फ्रेम सरकवून शोधावी लागते. श्वास आत घेण्याचा आवाज पूर्ण होऊ द्या आणि बुडबुड्यांचा पहिला आवाज यायच्या आत कापा. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर ही फट बऱ्याचदा ५-६ फ्रेमचीच असते. बुडबुड्यांचा नुसता एक टिपका जरी शिल्लक राहिला तरी कान म्हणतो, 'सुटली', आणि ताण गेला. वेव्हफॉर्म झूम करून कापा. डोळ्याने चित्र बघून ही जागा सापडत नाही.

काळा पडदा मात्र लांबवू नका. १२ फ्रेम, म्हणजे अर्धं सेकंद, भरपूर झालं. दोन-तीन सेकंदं शांतता ठेवलीत तर 'तिचा श्वासच थांबला' असा अर्थ निघतो, आणि तसं घडलेलं नाही. काळ्यावरच बोटीच्या इंजिनाचा आवाज सुरू करा, मग त्या आवाजावर टायटल येऊ द्या. नाव मनातल्या मनात दोनदा वाचून होईल इतका वेळ ते ठेवा. दोन-तीन शब्दांच्या नावाला ४ सेकंदं पुरतात.

संगीताबद्दल माझं मत ठाम आहे: या ३४ सेकंदांत संगीत नको. खाली ड्रोनचा सलग घुमणारा सूर किंवा ढोल टाकलात की हिसक्याच्या आधीच प्रेक्षकाला कळतं की आता काहीतरी होणार. तुमच्याकडे श्वासाचा आवाज आहे, त्याच्याइतका ताण दुसरं काही देणार नाही. तो आवाज सगळ्या शॉटखाली सलग चालू ठेवा. कट चित्रात पडू देत, श्वासात नको.

आता एक धोका. प्रसंग ८५ सेकंदांचा आणि टीझर ३४ चा म्हटल्यावर मधला वेळ कुठेतरी जाणारच. चित्रातला वेळ कमी करणं चालतं, सगळेच करतात. पण श्वासाचे तुकडे जवळजवळ आणून त्याचा वेग वाढवू नका. ती खरोखर दर सहा सेकंदांनी श्वास घेत असेल आणि तुम्ही तो तीनवर आणलात, तर तुम्ही एका शांत डायव्हरला घाबरलेली दाखवलीत. सलग श्वासांचा एक खरा तुकडा निवडा आणि चित्र त्याच्या मापाने बसवा. तसंच शेवटचे डोळे त्याच क्षणाचे हवेत. दहा मिनिटं आधीचा, ती मासा बघून दचकली तेव्हाचा क्लोज-अप इथे चिकटवला तर फिल्म खोटी झाली. डॉक्युमेंटरीत प्रसंगाचा क्रम बदलता येतो. त्याचं कारण आणि त्याला मिळालेली प्रतिक्रिया बदलता येत नाही. आणि हा टीझर फायनल व्हायच्या आधी तिला दाखवा. अडकणं ही डायव्हरच्या दृष्टीने कौशल्याशी जोडलेली गोष्ट आहे, आपली ओळख त्याच क्षणाने सुरू व्हावी का यावर तिचं मत असू शकतं.

टायटलनंतरचा पहिला शॉट शांत हवा, पण रिकामा नको. बोटीवर ती सामान तपासतेय, सिलिंडर अंगावर चढवतेय, व्हॉल्व्ह उघडतेय, असा शॉट असेल तर तोच घ्या. त्या व्हॉल्व्हचं महत्त्व आत्ता कुणाला कळणार नाही, ७:४० ला कळेल. 'त्या दिवशी सकाळी' किंवा 'सहा महिन्यांपूर्वी' अशी पाटी टाकायची गरज नाही. बोटीवर कोरडे कपडे आणि पाण्याखालचा अंधार यातल्या फरकावरून प्रेक्षक वेळ मागे गेल्याचं समजून घेतो. टायटलनंतर ३०-४० सेकंदांत मात्र ती कोण आहे आणि काय करते हे कळायला हवं. टीझरने घेतलेली उधारी तेवढीच टिकते. त्यानंतरही ओळख नसेल तर लोक गोष्टीत शिरत नाहीत, नुसते अडकलेल्या प्रसंगाची वाट बघत बसतात.

७:४० ला परत आल्यावर टीझरमधला एकच शॉट पुन्हा वापरा: हिसक्याचा, तोही दोन सेकंदं. एवढ्यात ओळख पटते. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं मास्कच्या कॅमेऱ्यातून. हिरवट पाणी, तिचे स्वतःचे हात, समोरून हळूहळू जवळ येणारा जोडीदार, त्याने हाताने केलेली 'थांब' ही खूण. ती वळून बघायचा प्रयत्न करत नाही, कारण वळलं की जाळं आणखी गुंडाळतं; हे निवेदनात किंवा तिच्या मुलाखतीतल्या बाइटमध्ये आधीच, साधारण पाचव्या मिनिटाच्या आसपास येऊन गेलेलं असू द्या, म्हणजे इथे समजावत बसावं लागणार नाही. मग जोडीदार तिच्या मागे जातो आणि त्याच्या कॅमेऱ्यात पहिल्यांदा व्हॉल्व्हभोवतीचा पीळ दिसतो. टीझरमध्ये राखून ठेवलेली गोष्ट ती हीच. सुरी लागते, दोरा तुटतो, आणि टीझरमध्ये कापलेला तो श्वास इथे सुटतो. बुडबुडे पूर्ण वर जाऊ द्या.

काही जण अशा जागी टीझर म्हणून प्रसंगाऐवजी बाइट टाकतात: अंधारात चेहरा आणि 'तेव्हा वाटलं, आता संपलं सगळं'. तुमच्या बाबतीत हे टाळाच. ती बसून बोलतेय म्हणजे ती वाचली, हे त्याच क्षणी उघड होतं. शिवाय वाक्य कितीही जड असलं तरी कुठल्याही फिल्ममध्ये चालेल असं असतं. व्हॉल्व्हमागचा हात फक्त तुमच्याच फिल्ममध्ये आहे. सगळ्या फिल्ममधले देखणे शॉट पटापट जोडणं हाही तसाच प्रकार, तो ट्रेलर झाला. फिल्म लावून बसलेल्या माणसाला ट्रेलर कशाला?

चाचणी अशी करा. विषय अजिबात माहीत नसलेल्या तीन-चार जणांना एकेकट्याने फक्त टायटलपर्यंत दाखवा, थांबवा आणि विचारा, 'आता काय जाणून घ्यायचंय?' 'ती सुटली का', 'कशात अडकली' अशी उत्तरं आली तर काम झालं. 'हे काय चाललं होतं', 'कुठे आहे ही' असं आलं तर कुतूहल नाही, गोंधळ आहे. अशा वेळी टीझर लांबवू नका, पहिला वाइड बदला, जाळं आणि माणूस दोन्ही एका नजरेत दिसतील असा घ्या. 'मेली का?' असं विचारलं तर काळा पडदा किंवा शांतता जास्त झालीय.

दुसरी चाचणी पूर्ण फिल्मची: टीझर काढून ती एकदा सलग बघा. ७:४० चा प्रसंग टीझरशिवाय जास्त धक्का देत असेल आणि बोटीवरची सुरुवात स्वतःच्या बळावर धरून ठेवत असेल, तर कोल्ड ओपन काढून टाका आणि सरळ इंजिनाच्या आवाजाने सुरू करा. टीझर बोटीची सुरुवात कंटाळवाणी आहे म्हणून लावावा लागत असेल, तर आधी ती सुरुवात दुरुस्त करा. ३४ सेकंदांनंतर प्रेक्षक तिथेच येऊन पडणार आहे.