वेळ कुणाचा लागणार? : वाढीच्या कल्पनांचा क्रम लावताना

“आमची पाच जणांची मार्केटिंग एजन्सी आहे. वाढीसाठी तेवीस कल्पना लिहून काढल्या, प्रत्येकीला परिणाम आणि श्रम यांसाठी दहापैकी गुण दिले, तरी सगळ्या जवळपास सारख्याच दिसतात. आधी कोणती हाती घ्यावी?”

पुण्यातील एका एजन्सीच्या संचालिका हा प्रश्न घेऊन आल्या, तेव्हा मी प्रथम त्यांचा गुणतक्ता पाहिला. परिणामाच्या स्तंभात बहुतेक ठिकाणी सात किंवा आठ होते आणि श्रमाच्या स्तंभात पाच किंवा सहा. गुण असे एका पट्ट्यात दाटले, की गुण देणाऱ्यांच्या मनात ठरावीक मापच नव्हते असे खुशाल समजावे. कुणी सात म्हणताना नवे ग्राहक मोजत होते, कुणी नावलौकिक, तर कुणी स्वतःची आवड.

म्हणून दहापैकी गुण आम्ही बाजूला ठेवले. परिणाम म्हणजे पुढील सहा महिन्यांत, काम करून देण्याचा खर्च वजा जाता, हाती राहणारे रुपये, असे ठरले. त्यांचा सर्वसाधारण ग्राहक महिन्याला ४०,००० रुपये देत असे आणि त्याच्या कामावर सुमारे २४,००० रुपये खर्च होत. म्हणजे एक नवा ग्राहक सहा महिन्यांत ९६,००० रुपये मागे ठेवतो. या आकड्याला खात्रीच्या अपूर्णांकाने गुणायचे होते: स्वतःच्या जुन्या नोंदींचा आधार असेल तर ०.८, ओळखीच्या एजन्सीला तसा अनुभव आला असेल तर ०.५ आणि नुसता अंदाज असेल तर ०.२. या गुणाकारामुळे उत्साहाने मांडलेल्या कल्पना आपोआप खाली सरकतात. त्यांची पॉडकास्टची कल्पना याच कारणाने मागे पडली; शिवाय तयारीचे वीस तास त्यांनी धरले होते, पण दर पंधरवड्याला एका भागासाठी लागणारे बारा तास धरायचे राहून गेले होते.

खरी अडचण मात्र श्रमाच्या मोजणीत होती. कल्पनांचा क्रम लावण्यासाठी इंटरकॉम या सॉफ्टवेअर कंपनीने रूढ केलेल्या ‘राइस’ पद्धतीत श्रम हे सगळ्या चमूचे मिळून मोजले जातात. पाच जणांच्या एजन्सीत ते पुरत नाही, कारण तिथे एकाचा तास दुसऱ्याच्या तासाची जागा घेऊ शकत नाही. मागील महिन्याची टाइमशीट तपासली, तेव्हा ग्राहकांचे काम वगळून सर्वांचे मिळून आठवड्याला बावीस तास मोकळे निघाले, पण त्यांत संचालिकांचे अवघे चार होते. आणि विक्रीची बोलणी, दर ठरवणे, नव्या ग्राहकाला भेटणे ही कामे त्या एकट्याच करत. म्हणून श्रमाचे दोन स्तंभ केले: एकूण तास आणि संचालिकांचे तास.

याने क्रम कसा उलटतो, ते दोन कल्पनांवरून स्पष्ट झाले. एक होती दंतवैद्यकीय दवाखान्यांसाठी केलेल्या कामाची सविस्तर केस स्टडी, तर दुसरी एका उद्योजक संघटनेत व्याख्यान. दोन्हींतून एक ग्राहक मिळेल असा अंदाज होता आणि खात्री ०.५ होती, म्हणजे प्रत्येकी ४८,००० रुपये. केस स्टडीला एकूण ४० तास लागणार होते, पण लेखन आणि मांडणी इतरांकडे असल्याने त्यांत संचालिकांचे ३ तासच होते. व्याख्यानाच्या १५ तासांपैकी मात्र १२ त्यांचेच होते. एकूण तासांनी भागले तर व्याख्यान तासाला ३,२०० रुपये देते आणि केस स्टडी १,२००. संचालिकांच्या तासांनी भागले तर केस स्टडी १६,००० आणि व्याख्यान ४,०००.

यादीत तळाला पडलेली एक कल्पना मी स्वतः आग्रहाने वर आणली: प्रत्येक डिझाइनमध्ये दोनच दुरुस्त्या मोफत, अशी अट करारात घालणे. तिच्यातून नवा ग्राहक येणार नव्हता, म्हणून परिणामाच्या स्तंभात तिला काहीच मिळाले नव्हते. पण वारंवार येणाऱ्या दुरुस्त्यांवरची फोनाफोनी संचालिकाच करत. जी कल्पना सर्वांत दुर्मीळ तास मोकळे करते ती आधी राबवावी, कारण पुढील प्रत्येक कल्पनेसाठी तेच तास लागणार असतात. एक धोका होता: अटीमुळे जुना ग्राहक दुखावू शकतो. म्हणून ती केवळ नव्या आणि नूतनीकरणाला आलेल्या करारांत घातली.

एवढे सगळे केले तरी हे अंदाजच असतात. दोन कल्पनांच्या आकड्यांत दुपटीहून कमी फरक असेल, तर त्या समान मानून जी लवकर पूर्ण होईल ती घ्यावी, असे आम्ही ठरवले. तिमाहीअखेर योजलेले आणि प्रत्यक्ष लागलेले तास शेजारी मांडले. केस स्टडीला ४० ऐवजी ६१ तास लागले होते, तेव्हा पुढील फेरीत लेखनाच्या प्रत्येक कल्पनेचे तास दीडपट धरण्यात आले.