पुठ्ठ्याचा भाव आमच्या काट्यावर ठरत नाही

प्रश्न: आमचा भंगारवाला पुठ्ठ्याला कधी ९ रुपये देतो, कधी ६. हा भाव कोण ठरवतं? आणि भाव पडल्यावर रोज भंगार गोळा करणाऱ्यांचं कसं भागतं?

उत्तर:

पुण्यात माझं भंगाराचं दुकान आहे. कचरावेचक बायका माल आणतात, मी तो वेगळा करून मोठ्या व्यापाऱ्याला देतो, तो गाठी बांधून गिरणीला पाठवतो. आमच्याकडचा बराच पुठ्ठा वापीच्या, खोक्यांचा तपकिरी क्राफ्ट कागद बनवणाऱ्या गिरण्यांकडे जातो आणि भाव तिथे ठरतो. दुकानदाराच्या हातात उरतं ते गिरणीच्या भावातून खर्च वजा करून.

समजायला सोपे आकडे धरू. गिरणी पोहोच मालाला किलोमागे १४ रुपये देते. ट्रकभाडं, गाठी बांधणं, हमाली, घट आणि व्यापाऱ्याचा नफा यांत अडीच रुपये जातात. माझं भाडं, मजुरी आणि नफा मिळून आणखी अडीच. कचरावेचकाला मिळतात ९. आता गिरणीने भाव ११ केला. डिझेल स्वस्त झालं नाही, गाळ्याचं भाडं कमी झालं नाही, म्हणून मधले पाच रुपये तसेच राहतात आणि कचरावेचकाला ६ मिळतात. गिरणीचा भाव साधारण पाचव्या हिश्श्याने उतरला, पण डोक्यावरून माल आणणाऱ्या बाईची कमाई तिसऱ्या हिश्श्याने गेली. चाळीस किलोचे ३६० रुपये मिळायचे, तिथे २४० आले. ओझं तेवढंच. पडत्या भावाचा सगळा भार खालच्या माणसावर येतो, हे मला या धंद्यात सगळ्यात जास्त खुपतं.

गिरणीचा भाव हलतो, कारण तिच्याकडे परदेशी पुठ्ठ्याचाही पर्याय असतो. आपल्या पुठ्ठ्याचा पुन्हापुन्हा लगदा करून त्यातला तंतू आखूड होतो, म्हणून गिरण्या त्यात अमेरिका-युरोपातले जुने खोके मिसळतात. चीनने 2018 पासून मिश्र रद्दी घेणं बंद केलं, तेव्हा तो माल आपल्यासारख्या देशांकडे वळला. उलट 2021 मध्ये जहाजाचं भाडं भडकलं, परदेशी माल महागला आणि इथल्या पुठ्ठ्याला चांगला भाव आला. पावसाळ्यात वेगळीच अडचण असते: ठरलेल्या मर्यादेपेक्षा ओलावा जास्त निघाला की गिरणी वजनात कट मारते, म्हणून आम्हीही भिजलेला पुठ्ठा कमी भावाने घेतो.

पाण्याच्या बाटल्यांचं गणित कच्च्या तेलाशी जोडलेलं आहे. त्या बाटल्यांपासून पॉलिस्टरचा धागा बनतो. तेल उतरलं की नवा कच्चा माल स्वस्त पडतो, मग जुनी बाटली कारखानदार कशाला महाग घेईल? तांबं-ॲल्युमिनियम लंडनच्या बाजारभावावर आणि डॉलरवर चालतं. लोखंड जालन्यासारख्या ठिकाणच्या सळईच्या कारखान्यांवर, म्हणजे शेवटी बांधकामांवर. तांब्यात मात्र पुठ्ठ्यासारखी गत होत नाही. किलोला शेकड्यांनी रुपये येतात, त्यात वाहतूक किरकोळ, त्यामुळे वर दहा टक्के उतरलं तर खालीही तेवढंच उतरतं.

लोक तग धरतात तेही यावरूनच. पुठ्ठा साठवता येत नाही. जागा खातो, भिजतो, उंदीर लागतात. तो त्याच दिवशी विकावा लागतो, भाव कितीही असो. तांबं-पितळ डब्यात मावतं. माझ्याकडे येणाऱ्या एक मावशी तांबं कधीच रोजच्या मालासोबत काट्यावर ठेवत नाहीत. वायरींवरचं प्लास्टिक ब्लेडने सोलतात, तारेची गुंडाळी करून ठेवतात आणि जूनमध्ये वह्या-पुस्तकांच्या वेळी आणतात. वायर जाळून तांबं काढणं झटपट होतं, पण तार काळी पडते, भाव कमी येतो आणि धूर छातीत जातो.

दुसरा मार्ग माल वेगळा करण्याचा. बाटलीचं झाकण वेगळ्या प्लास्टिकचं असतं. झाकणं काढून, पारदर्शक बाटल्या रंगीत बाटल्यांपासून निवडून आणल्या तर मिसळीच्या मालापेक्षा जास्त पैसे मिळतात. भाव पडला की बायका संध्याकाळी जास्त वेळ निवडत बसतात.

तिसरा मार्ग उचल घेण्याचा, आणि तो महागात पडतो. दुकानदार अडचणीला पैसे देतो, त्यावर व्याज लावत नाही, पण मग माल त्यालाच द्यावा लागतो. भाव चढला तरी ती बाई दुसऱ्या काट्यावर जाऊ शकत नाही. पडत्या भावाचा तोटा तिचा, चढत्या भावाचा फायदा दुकानदाराचा.

पुण्यात 1993 पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आहे. तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचे सभासद दारोदार कचरा उचलतात आणि त्याचं महिन्याचं शुल्क घरटी मिळतं. पुठ्ठा सहावर आला तरी ते शुल्क कमी होत नाही. माझ्या पाहण्यात तरी, भाव पडल्यावर अशी बाई उचल मागायला सहसा येत नाही. जिची सगळी कमाई काट्यावर आहे ती येते.