आमसभेत खर्चपत्रक वाचताना कोषाध्यक्षाने काय बोलावं, काय बोलू नये

वकील साहेब, आमची ३२ घरांची गृहनिर्माण संस्था यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. यंदा मी कोषाध्यक्ष आहे. येत्या आमसभेत पाच मिनिटांत वर्षाचा खर्च सांगायचा आहे. रस्त्यावर मुरूम टाकला, त्याचे २२,००० नगदी दिले, ट्रॅक्टरवाल्याने बिल दिलं नाही. लेखापरीक्षकाने त्यावर आक्षेप लिहिला. सचिव म्हणतात, "ते वाचू नका, हिशेब बरोबर आहे एवढंच म्हणा, सभा मंजूर करून टाकते." काही लोक म्हणतात, चारच ट्रॉल्या पडल्या. शिवाय बँकेतले पैसे कमी झाले, अन् ताळेबंद शिल्लक दाखवतो. उद्या हे माझ्या अंगावर येईल काय?

— एक कोषाध्यक्ष

भाऊ, सचिवांचं वाक्य तुम्ही उच्चारू नका. सभेत बोललेलं इतिवृत्तात लिहिलं जातं. "हिशेब बरोबर आहे" असं तुमच्या नावासमोर एकदा लिहिलं गेलं की आक्षेप ठाऊक असूनही दडवला, असा त्याचा अर्थ निघू शकतो. सभेने हात वर केल्याने जबाबदारी संपते, हा समजही चुकीचा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८८ खाली, संस्थेचा पैसा गैरमार्गे गेला असं लेखापरीक्षणात किंवा चौकशीत दिसलं, तर संबंधित पदाधिकाऱ्याकडून तो वसूल करण्याचा आदेश होऊ शकतो. बहुमताच्या ठरावाने ते थांबत नाही.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. ट्रॅक्टरवाल्याकडून मागची तारीख टाकून आता बिल आणा, असं कोणी सुचवेल. ते मुळीच करू नका. बिल नसणं ही हिशेबातली त्रुटी आहे, खोटं बिल लावणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४४ मध्ये हिशेबात खोटी नोंद करण्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा सांगितली आहे. माझ्याकडे असं एक प्रकरण आलं होतं. तिथे खर्च खरा होता, पण नंतर बनवलेल्या बिलामुळे कोषाध्यक्षावरचा विश्वास गेला, आणि खरा खर्चही खोटा ठरू लागला.

खरं काय ते शोधायचं असेल तर रस्ता मोजा. समजा दोनशे फूट लांब, दहा फूट रुंद आणि सहा इंच थर टाकला. हे झाले एक हजार घनफूट, म्हणजे दहा ब्रास. आपल्याकडची ट्रॅक्टरची ट्रॉली साधारण एक ब्रासची असते. मुरूम पाणी मारून दाबला की बसतो, म्हणून अकरा ट्रॉल्या लागणं सहज शक्य आहे. अकरा ट्रॉल्या दोन हजार रुपये दराने म्हणजे २२,०००. चारच ट्रॉल्या पडल्या असतील तर त्याच रस्त्यावर दोन-अडीच इंचांपेक्षा जास्त थर भरणार नाही. तीन-चार ठिकाणी टिकाव मारला तर थराची जाडी डोळ्यांना दिसते. पावसाने थोडा मुरूम वाहून गेला असेल, तेवढी सूट धरा. दोन सदस्य, त्यांत एक चार ट्रॉल्या म्हणणारा, सोबत घ्या. माप कागदावर लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.

ट्रॅक्टरवाला बिल द्यायला का कचरतो हेही समजून घ्या. मुरूम हे गौण खनिज आहे, ते आणायला रॉयल्टीची पावती लागते. त्याच्याकडे ती नसेल तर तो लिहून द्यायला घाबरतो. तरीही, अमुक दिवशी इतक्या ट्रॉल्या टाकल्या आणि इतके पैसे मिळाले, असं आजच्या तारखेचं लेखी निवेदन देतो का ते विचारा. निवेदनावर आजचीच तारीख असू द्या. नाही दिलं, तर तसं लेखापरीक्षकाला कळवा. बिल नसताना नगदी का दिले, याचं उत्तर मात्र समितीलाच द्यावं लागेल. मापाने खर्च खरा ठरला, तरी नगदी देण्याचा प्रश्न उरतो.

आता शिल्लक आणि बँकेचा गोंधळ. उदाहरणाने सांगतो. ३२ घरांकडून महिन्याला पाचशे, म्हणजे वर्षाची आकारणी १,९२,००० झाली. त्यातले २४,००० थकले, हातात आले १,६८,०००. वीज, पंपचालक, मोटर, मुरूम आणि किरकोळ धरून वर्षाचा खर्च १,८४,००० झाला. त्यात मार्चचं ४,५०० चं वीजबिल एप्रिलमध्ये भरलं, म्हणून प्रत्यक्ष गेले १,७९,५००. उत्पन्न-खर्च पत्रक येणं आणि देणं दोन्ही मोजतं, म्हणून ते ८,००० शिल्लक दाखवतं. जमा-खर्च पत्रक फक्त हातातला पैसा मोजतं, म्हणून बँकेत ११,५०० कमी दिसतात. दोन्ही बरोबर आहेत, आणि फरक थकबाकी व न दिलेल्या बिलाचा आहे. तुमच्या पत्रकातले आकडे याच पद्धतीने मांडून पाहा. फरक थकबाकी आणि देण्यांनी जुळला नाही, तर सभेपूर्वी लेखापरीक्षकाला भेटा. हे सभेत आधी न सांगितल्याने कोणी ताळेबंद उंचावून "पैसे कुठे गेले?" विचारतो आणि पुढचं कोणी ऐकत नाही.

भाषण लिहूनच न्या. ते साधारण असं असावं, आकडे तुमचे घाला:

"मान्यवर सभासदहो, वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब आपल्यापुढे ठेवतो. वर्षाची आकारणी १,९२,००० आणि खर्च १,८४,०००, म्हणून ८,००० शिल्लक दिसते. मात्र २४,००० वसूल व्हायचे आहेत आणि ४,५०० चं बिल द्यायचं होतं, म्हणून बँकेतली रक्कम ११,५०० ने कमी झाली. मुरुमाच्या २२,००० च्या खर्चाला बिल नाही. लेखापरीक्षकांनी त्यावर आक्षेप घेतला आहे, तो वाचतो. आम्ही रस्त्याचं माप घेतलं आहे, ते सभेपुढे ठेवतो. आक्षेपाचा निकाल लागेपर्यंत ही रक्कम मंजूर समजू नये, बाकी हिशेबावर सभेने निर्णय घ्यावा."

शेवटची दोन वाक्ये वगळू नका. ठरावही तसाच लिहून घ्या: मुरुमाच्या रकमेचा आक्षेप प्रलंबित, खुलासा दोष दुरुस्ती अहवालात. हा अहवाल सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८२ खाली लेखापरीक्षण अहवाल आल्यापासून तीन महिन्यांत निबंधकाकडे जायचा असतो. तुमचं मोजमाप आणि ट्रॅक्टरवाल्याचं निवेदन तिथेच लागेल. सभेची तारीख आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंतची आहे ना, तेही बघून घ्या.

सचिव तरीही आक्षेप वाचू देत नसतील, तर सभेच्या दोन-तीन दिवस आधी त्यांना पत्र द्या: "लेखापरीक्षण अहवालातला आक्षेप मी वाचणार आहे, तो विषयपत्रिकेत घ्यावा." पत्राची पोच घ्या. पोच दिली नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि प्रत तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे द्या. लिहिलेलं भाषण सभेनंतर सचिवांकडे देऊन ते इतिवृत्ताला जोडायला सांगा, आणि सही-तारखेसह एक प्रत स्वतःजवळ ठेवा.