एमसीबी आहे, १६ अँपिअरचा प्लग आहे, मग भीती कसली?

प्रश्न: "१६ अँपिअरचा स्मार्ट प्लग घेतलाय. गीझर, पाण्याचा रॉड, इस्त्री, फ्रिज यांपैकी काय त्यावर लावलं तर चालेल? वायरमन म्हणतो एमसीबी आहे, काही होत नाही."

उत्तर: गीझर चालेल, पण अटींवर. रॉड अजिबात नाही. इस्त्री फक्त आपोआप बंद होण्यापुरती. फ्रिज लावून काय साधायचंय ते मला कळलेलं नाही. चुकून प्लग बंद झाला तर दूध नासेल, एवढंच.

पण खरं लिहायला बसलोय ते तुमच्या वायरमनच्या वाक्यासाठी. "एमसीबी आहे ना" हे ऐकून ऐकून कान किटलेत. एमसीबी प्रवाह जास्त झाला तर पडतो. प्लग जळतात ते बहुतेक वेळा लूज काँटॅक्टमुळे, आणि तिथे प्रवाह वाढतच नाही. उलट किंचित कमी होतो, कारण वाटेत एक नको असलेला रोध येऊन बसलेला असतो.

१५ लिटरचा, २ किलोवॉटचा गीझर घ्या. २३० व्होल्टला तो साधारण ८.७ अँपिअर ओढतो. १६ अँपिअरच्या प्लगला हे कागदावर सहज पेलतं. आता भिंतीतल्या सॉकेटची पितळी पट्टी सैल झाली आणि पिन नि पट्टीच्या मध्ये अर्धा ओहम रोध तयार झाला असं समजा. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ७६ च्या निम्मे, ३८ वॉट. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न टोकाला कथिल वितळवतं. इथे त्याच्या दीडपट उष्णता प्लास्टिकच्या बंद खोबणीत साठतेय आणि एमसीबीला दिसतात तेच साडेआठ अँपिअर. तो कशाला पडेल? आरसीसीबीलाही काही कळत नाही, कारण वीज कुठे बाहेर गळत नाहीये.

एका ओळखीच्या घरातून असाच प्लग आला होता. न्यूट्रलची पिन निळसर काळी पडलेली, तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं. घरचे म्हणाले, "प्लगच भिकार निघाला." प्लग उघडला तर आतला रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा स्विच, ठणठणीत, सोल्डरही चकचकीत. दोष बोर्डावरच्या जुन्या सॉकेटचा होता. त्यात हा बोटभर पुढे आलेला स्मार्ट प्लग, त्यात गीझरचा जाड थ्री पिन टॉप, आणि टॉपला खाली ओढणारी वायर. सगळा भार त्या दोन पट्ट्यांवर. पट्टी तापली की तिची स्प्रिंग मरते, स्प्रिंग मेली की पकड सुटते, पकड सुटली की ती आणखी तापते. चार-सहा महिने हे चालू होतं. करपल्याचा वास यायचा, तो बाथरूमचा म्हणून कोणी मनावर घेतला नाही.

म्हणून प्लगवर छापलेला आकडा बघण्याआधी सॉकेट बघा. टॉप घालता-काढताना जोर लागला पाहिजे, आणि लावल्यावर प्लग मान टाकायला नको. शंका असेल तर १६ अँपिअरचं नवं सॉकेट बसवून घ्या. मग बोर्डाचं बटण बंद करून गार पाण्याची टाकी भरून घ्या, बटण चालू करा आणि गीझर पूर्ण तापू द्या. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला २ किलोवॉटला जेमतेम १८ मिनिटं लागतात. गीझर थर्मोस्टॅटने बंद होताच बोर्डाचं बटण बंद करा, प्लग उपसा आणि पिनांना हात लावा. कोमट असतील तर ठीक. चटका बसला तर तो प्लग त्या सॉकेटवर परत लावू नका.

प्लग वीज मोजणारा असेल तर आणखी एक खूण मिळते. ॲपमध्ये गीझर बंद असतानाचा व्होल्टेज बघा आणि चालू केल्यावर लगेच परत बघा. घरातली वायर बरी असेल तर तीन-चार व्होल्ट उतरतात. दहा-बारा उतरले, किंवा आकडा सारखा नाचत राहिला, तर वाटेत कुठेतरी जोड सैल आहे. बाहेरचा व्होल्टेजही खालीवर होतो, तेव्हा दोन-तीनदा करून बघा.

हे झालं प्लगचं. रॉडला मी नाही म्हणतो ते अँपिअरमुळे नव्हे. दीड किलोवॉटचा रॉड प्लगला गीझरपेक्षा हलकाच. पण गीझरच्या पोटात थर्मोस्टॅट असतो आणि वर थर्मल कटआउट. साध्या रॉडला काहीच नसतं, पाणी हाच त्याचा कटआउट. सकाळी साडेपाचला प्लगने रॉड चालू केला आणि रात्री कोणीतरी बादली रिकामी करून ठेवली असेल, तर कोरडा रॉड लाल होऊन प्लास्टिकच्या बादलीला टेकलेला असणार. कॉइलच्या रूम हीटरचंही तेच, त्याच्यावर टॉवेल पडलाय का हे प्लगला दिसत नाही. वस्तू घरात कोणी नसताना स्वतःहून चालू झाली तर काय होईल, याचं उत्तर "काही नाही" असेल तरच ती प्लगवर न्यावी.

आणि स्वतःहून चालू होणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे, कारण लाइट जाते. इस्त्री करताना लाइट गेली, तुम्ही इस्त्री तशीच ठेवून ऑफिसला गेलात, दुपारी लाइट आली. बरेच प्लग लाइट आल्यावर आधीच्या स्थितीत जातात, म्हणजे चालू. ॲपच्या सेटिंगमध्ये हे बदलून "बंद" करा. टास्मोटा हे फर्मवेअर घातलेला प्लग असेल तर कन्सोलमध्ये दोन ओळी पुरतात:

```
PowerOnState 0
PulseTime1 1900
```

पहिलीमुळे लाइट आल्यावर प्लग बंदच राहतो. दुसरीमुळे चालू केल्यापासून ३० मिनिटांनी तो बंद होतो (१८०० सेकंद, त्यात १०० मिळवायचे अशी तिथली पद्धत). हे प्लगच्या आतच चालतं, वायफाय गेलं तरी. ॲपमधल्या शेड्यूलवर विसंबून "बंद" करणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. "चालू" चुकलं तर गार पाण्याने अंघोळ होईल, "बंद" चुकलं तर गोष्ट वेगळी.

आता राहिलेल्या अटी. ३ किलोवॉटचा इन्स्टंट गीझर १३ अँपिअर ओढतो, तो मी स्मार्ट प्लगवर लावणार नाही. कॉन्टॅक्टर, म्हणजे जड प्रवाहासाठीचा दणकट रिले, बसवा आणि स्मार्ट स्विचने फक्त त्याची कॉइल चालवा. पाण्याच्या पंपालाही हेच, कारण मोटर सुरू होताना नेहमीच्या कैक पट प्रवाह खेचते आणि त्या ठिणगीने रिलेचे काँटॅक्ट चिकटतात. एसी प्लगने तोडू नका, रिमोटची नक्कल करणारा आयआर ब्लास्टर घ्या. आणि टेस्टर लावून बघा: समोरून पाहताना अर्थिंगचं भोक वर असेल तर फेज उजवीकडे हवा. बऱ्याच प्लगमधला रिले एकच तार तोडतो. सॉकेट उलटं जोडलेलं असेल तर ॲपमध्ये गीझर बंद दिसतो आणि कॉइलवर फेज तसाच उभा असतो.

रिले चिकटला की ॲप "बंद" म्हणतं पण वॉटचा आकडा शून्यावर येत नाही. तेव्हा ॲपमध्ये परत परत टिचक्या मारत बसू नका, बोर्डाचं बटण बंद करा आणि तो प्लग टाकून द्या. थोपटल्यावर सुटला तरी.