एकदाणीचा फोटो पुरेसा आहे का?

प्रश्न: आजीच्या एकदाणीचा फोटो पाठवला आहे. आमचं गाव घाटंजीकडं, सराफा लांब. फोटो बघून सांगा ना.

उत्तर: नुसत्या फोटोवर फक्त घडणीचं वर्णन करता येईल, किंमत नाही. मी पेढीवर मोडीचे दागिने पाहतो, तिथं एकदाणीत हमखास फसगत होते ती वजनात. मणी पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते. समजा काट्यावर १२ ग्रॅम भरली आणि लाख व दोरा ३ ग्रॅम निघाला, तर सोनं ९ ग्रॅमच. ते २२ कॅरेटचं असेल तर शुद्ध सोनं सुमारे ८.२५ ग्रॅम, आणि किंमत त्या दिवसाच्या भावानं. म्हणून किमतीसाठी वजन, लाख आहे का आणि कॅरेट कळवा.

शिक्का वाचायचा असेल तर फासा किंवा पदकाच्या मागच्या बाजूचा अगदी जवळून, तिरप्या उजेडात फोटो काढा. 22K916 आणि सहा अक्षर-अंकी क्रमांक दिसला, तर तो BIS Care ॲपवर स्वतःच तपासता येतो. वर्णनासाठी मण्याशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवलं की झालं.

गावच्या सोनारानं घडवलेल्या जुन्या एकदाणीवर बहुधा शिक्का नसतो. तेव्हा कॅरेट मशीनवरच तपासावं लागेल.