ब्रिटनमधलं जुनं पेन्शन: मधली वर्षं विकत घ्यावीत का?

"मे 2009 ते मे 2015 लंडनमध्ये नोकरी केली, मग भारतात परतले. शेवटचा पगार महिना 2,600 पौंड होता. आता वय 46, सप्टेंबर 2026 पासून तीन वर्षांसाठी पुन्हा तिकडे नोकरी धरतेय. कोणी म्हणतं दहा वर्षं भरली नाहीत तर आधीची वर्गणी बुडाली. मधली वर्षं विकत घेता येतात का? 2020 मध्ये सहा-सात महिने घरी होते, बाकी सगळा काळ भारतात नोकरी चालू होती."

बुडालेली नाही, पण परतही मिळणार नाही. ब्रिटनमध्ये पगारातून कापली जाणारी नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी काढून घेण्याची सोयच नाही. ती तुमच्या नावावर पडून राहते आणि किमान दहा पात्र वर्षं जमली की तिचं सरकारी पेन्शन होतं. नऊ असतील तर हातात शून्य येतं. त्यामुळे आधी मोजणी नीट करू.

वर्ष म्हणजे ब्रिटनचं करवर्ष, 6 एप्रिल ते 5 एप्रिल. ते पूर्ण वर्ष काम केलंच पाहिजे असं नाही. ठरावीक किमान कमाईवर वर्गणी गेली की अख्खं वर्ष तुमच्या खात्यात धरलं जातं. म्हणून 2009-10 ते 2014-15 अशी सहा वर्षं तुमची बहुधा पक्की आहेत. 2015-16 मध्ये तुमचे दोन पगार झाले, म्हणजे 5,200 पौंड, आणि त्या वर्षाची किमान रेषा होती 5,824. थोडक्यात हुकलं. ते वर्ष भरून काढायची मुदत 5 एप्रिल 2025 ला संपली, आणि 2016-17 ते 2019-20 ही वर्षंही आता हातातून गेली. 2006 पासूनची वर्षं भरायची खास सवलत बराच काळ चालू होती, त्यामुळे जुने लेख वाचून अजूनही लोक त्या आशेवर असतात. आता नेहमीचा नियम आहे: मागची सहा वर्षंच.

म्हणजे 2026-27 मध्ये तुम्हाला 2020-21 ते 2025-26 ही सहा वर्षं घेता येतील. 2020-21 ची मुदत 5 एप्रिल 2027 ला संपते, म्हणून कागद तिथपासून लावायला घ्या.

आता पुढची बाजू. सप्टेंबर 2026 ते सप्टेंबर 2029 म्हणजे तीन वर्षं, पण ती चार करवर्षांत पसरतात. पहिल्या आणि शेवटच्या तुकड्यातले पाच-सात पगारही किमान रेषा सहज ओलांडतील. सहा आणि चार दहा. हिशोब बसतो, पण अगदी काठावर. करार सहा महिने आधी संपला, तर दहाचे नऊ होतील. शिवाय तुम्हाला भारतातलीच कंपनी तात्पुरत्या बदलीवर पाठवतेय की ब्रिटनमधली कंपनी थेट नेमतेय, हे आजच विचारा. दोन्ही देशांतला दुहेरी वर्गणी टाळण्याचा करार तुमच्या बदलीला लागू असेल, तर ब्रिटनमध्ये वर्गणी भरावी लागत नाही. खिशाला ते बरं वाटतं, पण त्या काळात एकही पात्र वर्ष जमा होत नाही. भारतातली वर्षं जोडून दहा पुरे करायची सोयही नाही.

त्यामुळे माझं मत: घ्या. किती आणि कोणत्या दराने, तिथे खरी मेख आहे.

परदेशात असतानाच्या काळासाठी स्वेच्छा वर्गणीचे दोन प्रकार आहेत. 2025-26 च्या दराने क्लास 3 आठवड्याला 17.75 पौंड, म्हणजे वर्षाला 923. क्लास 2 आठवड्याला 3.50, म्हणजे वर्षाला 182. जे तुम्ही विकत घेता ते वर्ष दोन्हीत एकच. क्लास 2 साठी ब्रिटन सोडण्याच्या लगेच आधी तिथे काम केलेलं हवं, आधी तीन वर्षांची वर्गणी किंवा वास्तव्य हवं आणि ज्या काळासाठी भरताय त्या काळात परदेशात काम चालू हवं. तुम्ही बसता, फक्त 2020 चे ते रिकामे महिने सोडून. त्या आठवड्यांना क्लास 3 चा दर लागेल. एप्रिल 2026 पासून परदेशातल्या काळासाठी क्लास 2 बंद झालं आणि क्लास 3 साठी आधीच्या वर्गणीची किंवा वास्तव्याची अट दहा वर्षांवर गेली, पण ते 2026-27 आणि पुढच्या काळासाठी. तुमची सहा वर्षं त्याच्या अलीकडची आहेत. मागच्या वर्षांना नंतरचा चढा दर लागू शकतो, तेव्हा आकडे थोडे वर सरकतील असं धरा.

2025-26 मध्ये पूर्ण सरकारी पेन्शन आठवड्याला 230.25 पौंड होतं, 35 वर्षांसाठी. म्हणजे एक वर्ष आठवड्याला 6.58, वर्षाला सुमारे 342 पौंड देतं. 182 भरून दरसाल 342, तेही हयातभर. वर्षभर पेन्शन घेण्याआधीच पैसे वसूल. क्लास 3 ने 923 दिले तर वसुलीला पावणेतीन वर्षं. दहा वर्षांची पायरी ओलांडली की आठवड्याला सुमारे 65.80 मिळतात, आणि सहा वर्षं जास्तीची घेऊन सोळा केली तर 105. हे गणित तुम्ही पूर्वी कंत्राटबाह्य योजनेत, म्हणजे सरकारी जादा पेन्शनऐवजी मालकाच्या पेन्शनमध्ये जाऊन कमी वर्गणी भरणाऱ्यांत, नव्हता असं धरून आहे. तसं काही असेल तर 2016 आधीच्या वर्षांची रक्कम कमी निघू शकते.

उलटी शंका अशी, की ब्रिटनमध्येच राहिलात तर विकत घेतलेली वर्षं वाया जातील का? तुमचं पेन्शनचं वय सध्याच्या कायद्याने 68. तोवर तिथे काम केलंत तरी सहा अधिक सुमारे बावीस, अधिक विकत घेतलेली सहा, म्हणजे 34. पस्तीसच्या वर एकही जात नाही.

आता कृती. एचएमआरसी या ब्रिटिश करखात्याच्या साइटवर तुमचा रेकॉर्ड उघडा. अपुऱ्या वर्षापुढे `Year is not full` दिसेल आणि शेजारी भरायची रक्कम. ती क्लास 3 ची असते. तिथलंच बटण दाबून भरू नका, एकेका वर्षाला सातशे पौंडांच्या वर जास्त जातात. क्लास 2 साठी CF83 हा वेगळा अर्ज आहे. त्यात परदेशातल्या नोकऱ्यांच्या तारखा, मालकांची नावं आणि ब्रिटन सोडायच्या आधीचा पत्ता लागतो. नेमणूकपत्रं, फॉर्म 16 आणि लंडनची नोकरी सोडताना मिळालेला जुना पी45 काढून ठेवा. 2020 मधली रिकामी तारीख झाकू नका, नोकऱ्यांच्या तारखा जुळल्या नाहीत की अर्ज प्रश्नांसह परत येतो.

उत्तर यायला महिने लागतात. त्या पत्रात कोणतं वर्ष कोणत्या क्लासने, किती पौंडांना हे लिहिलेलं असतं आणि सोबत संदर्भ क्रमांक येतो. पैसे पाठवताना तोच क्रमांक बँकेच्या फॉर्मवर हवा, नाहीतर रक्कम पोचते पण तुमच्या नावावर लागत नाही. परदेशातून पाठवत असाल तर बँकेचं शुल्क वेगळं भरा, कारण चार पौंड कमी पोचले तरी ते वर्ष अपुरंच राहतं. भरल्यावर काही आठवड्यांनी रेकॉर्ड पुन्हा उघडून ते वर्ष पूर्ण झालंय का बघा.

एक शेवटचं, विशेषतः निवृत्तीनंतर भारतात राहायचा विचार असेल तर: तिथे राहणाऱ्यांचं ब्रिटिश सरकारी पेन्शन दरवर्षी वाढत नाही. मिळू लागलं त्या दिवशीची रक्कम तशीच गोठते. वरचे 342 पौंड हिशोबात धरताना हे लक्षात घ्या. तरीही 182 ला ते स्वस्तच पडतात. 923 ला मात्र दोनदा विचार करीन.