‘प्रवाशी निवारा’ आणि सशाचा श

«वणी तालुक्यातल्या आमच्या गावात कोळसा खाणीच्या नोकरीमुळे आलेली हिंदी आणि तेलुगू भाषक कुटुंबे आहेत. त्यांतल्या बायकांना मी संध्याकाळी मराठी शिकवते. बोलणे जमते, आता लिहिणे चालू आहे. शहरी जीवनावर श्रुतलेखनाचा छोटा उतारा केला. उत्तरसूचीत मी मूळ शब्द ‘रहिवासी, प्रवासी’ असे लिहिले, पण सोबतचे गुरुजी म्हणतात ‘रहिवाशी, प्रवाशी’ बरोबर, कारण आपण ‘प्रवाशांना’ म्हणतोच ना! आणि ‘रहदारी’ की ‘राहदारी’? उतारा सोबत पाठवला आहे.»

ताई, उत्तरसूची तुमचीच बरोबर आहे. गुरुजींना माझा नमस्कार सांगा आणि गावाच्या फाट्यावर ‘प्रवाशी निवारा’ रंगवणाऱ्या पेंटरशी त्यांची गाठ घालून द्या, दोघांचे छान जमेल. आमच्या भागात अशा पाट्यांना तोटा नाही. ‘रहिवाशी दाखला’ तर छापील अर्जावरही पाहिला आहे. दाखला मिळतो, स मात्र मिळत नाही.

मुळात शब्द आहेत प्रवास आणि रहिवास. त्यांना ई लागली की प्रवासी आणि रहिवासी. ‘प्रवाश’ कोणी करत नाही, मग ‘प्रवाशी’ कुठून येणार? तो येतो उलट्या वाटेने. कानावर ‘प्रवाशांना, प्रवाशांनी, प्रवाशांचा’ सतत पडते. ते ऐकून माणूस प्रत्यय काढून टाकतो आणि उरलेल्या श ला ई लावतो. गुरुजींनी नेमके हेच केले. त्या हिशेबाने ‘पैशाला’ वरून ‘पैशा’ आणि ‘घशात’ वरून ‘घशा’ हे मूळ शब्द मानावे लागतील.

श येतो तो सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वी शब्द जे रूप घेतो त्यात. धोबी–धोब्याला, माळी–माळ्याला, विद्यार्थी–विद्यार्थ्याला असे आपण लिहितो. अशा ईकारान्त पुल्लिंगी नामांत प्रत्ययाआधी ‘या’ शिरतो आणि तो डोळ्यांना दिसतो. प्रवासीचेही तेच: प्रवास् + या. पण सामान्यरूपातला ‘स्या’ मराठी जिभेला पेलत नाही. य म्हणायला जीभ टाळूकडे उचलावी लागते, आणि ती वर जाताना आधीच्या दंत्य स ला सोबत ओढून नेते. टाळूवरचा स म्हणजेच श. मग श मध्ये य विरून जातो आणि ‘प्रवाशाला’ उरते. हे आकारान्त शब्दांतही होते, आणि मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत ते सांगितलेलेही आहे: घसा–घशाला, ससा–सशाला.

आता सशाचे आलेच आहे तर थोडे थांबतो, कारण माझा हा सर्वांत लाडका शब्द. संस्कृतात ससा म्हणजे शश किंवा शशक. दोन्ही अक्षरे श. चंद्रावर तो दिसतो म्हणून चंद्र शशी झाला. प्राकृतात येताना दोन्ही श घासून स झाले आणि आपल्याला ससा मिळाला. इथवर हिंदीशी आपले फारसे भांडण नाही. पण मराठीने पुढे गंमत केली. ‘सशाला’ म्हणताना दुसऱ्या स ला पुन्हा श केले, आणि पहिल्याला हातही लावला नाही, कारण त्याच्यापुढे य नाही, साधा अ आहे. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी गमावलेला श, अर्धा का होईना, ससा प्रत्यय लागला की परत मिळवतो. हा मूळ श परत आला असे म्हणणे चूक आहे, तो नव्याने तयार झाला, हे मला ठाऊक आहे. तरी आनंद व्हायचा तो होतोच.

हीच सवय मराठीच्या हाडात किती खोल आहे ते तुमच्या हिंदी भाषक बायकांना चटकन कळेल. त्या ‘सीना’ म्हणतात, आपण ‘शिवणे’. त्या ‘सीखना’, आपण ‘शिकणे’. त्यांचा ‘सिंदूर’, आपला ‘शेंदूर’. त्यांची भैंस तशीच राहते, आपली म्हैस मात्र दोन झाल्या की म्हशी होतात. इ-ई आणि य जवळ आले की मराठी स ची श कडे धाव असते. रोजच्या बोलण्यातले पाहा: असा, तसा, कसा; पण अशी, तशी, कशी; आणि ‘कशाला’. वऱ्हाडीत ‘ला’चा ‘ले’ झाला तरी श सुटत नाही: पैशाले, म्हशीले. काही मंडळी या बदलाला ‘उच्चारसौकर्य’ एवढा एक शब्द चिकटवून मोकळी होतात. सौकर्यच असते तर कापसाचे काय? कापूस–कापसाला, ऊस–उसाला, इथे स जागचा हलत नाही, कारण मध्ये ‘या’ नसून नुसता ‘आ’ आहे. स ला बदलतो तो शेजारी, आळस नव्हे.

गुरुजी आता म्हणतील, ‘असा’ची ‘अशी’ होते तर ‘प्रवासी’ची ‘प्रवाशी’ का नको? कारण असा–अशी हे मराठीने घरी घडवलेले आहे. प्रवासी हा संस्कृतातून तयार होऊन आलेला शब्द आहे, संन्यासी, उपवासी यांच्या पंगतीतला. मूळ रूपात तो जसा आला तसाच ठेवायचा. प्रत्यय लागला की मात्र त्याला मराठीचा कायदा. रहिवासीचा पूर्वार्ध ‘रहि’ हा राहण्यातला आणि उत्तरार्ध ‘वासी’ संस्कृत, एकाच अर्थाची दोन तोंडे. पण शेवट ‘वासी’चाच असल्याने न्याय तोच.

तुमच्या उताऱ्यात एक गोची होती. प्रवासी आणि रहिवासी दोन्ही फक्त प्रत्ययासह आले होते. साधे रूप कानावर पडलेच नाही तर लिहिणारीला फरक कळतो की नाही, हे तुम्हाला कळणार कसे? म्हणून जोड्या केल्या आहेत:

‘नागपूरच्या सीताबर्डीवर सकाळपासूनच रहदारी सुरू होते. प्रवासी बसमधून उतरतात आणि मेट्रोच्या स्थानकाकडे वळतात. पोलिसाने शिट्टी वाजवली, की दोन्ही बाजूंची वाहने थांबतात. जुन्या वस्तीतले रहिवासी गर्दीला कंटाळले आहेत. प्रवाशांना चालायला पदपथच उरला नाही, अशी तक्रार रहिवाशांनी केली. कोपऱ्यावरचा संत्रीवाला म्हणतो, “चार पैसे मिळतात ते इथेच. पैशांसाठीच तर गाव सोडून शहरात राहतो.”’

एकदा सलग वाचा, तेव्हा कोणी लिहायचे नाही. मग तीन-चार शब्दांचे तुकडे करून, आणि शेवटी पुन्हा सलग. तुकडा अर्थाच्या ठिकाणी पाडा: ‘अशी तक्रार रहिवाशांनी केली’ हे एका दमात. आणि कृपा करून ‘प्र-वा-सी’ असे ताणून म्हणू नका. तसे म्हटले की उत्तर तुम्हीच सांगून टाकता.

तपासताना प्रत्येक चुकीला सारखी लाल रेघ मारू नका. चूक कुठून आली ते तिच्या रूपातच लिहिलेले असते. ‘प्रवाशी बसमधून उतरतात’ असे लिहिले तर बाईला सामान्यरूप येते, फक्त ती गुरुजींच्या वाटेने उलटी गेली. तिला ‘प्रवास’ आठवायला सांगा, काम होईल. ‘प्रवासींना’ लिहिले तर ‘या’ शिरतो हेच अजून कळलेले नाही. तिला आधी धोब्याला–माळ्याला घोटून घ्यायला लावा, कारण तिथे य दिसतो. ‘प्रवासांना’ लिहिले तर मामला वेगळा. तो शब्द मराठीत आहे, पण प्रवासाचा आहे, प्रवाशाचा नव्हे. तिला एकच वाक्य द्या: ‘प्रवासाला निघालेल्या प्रवाशाला तहान लागली.’ दोन्ही ठिकाणी अचूक लिहिले तर पुढचा धडा घ्या.

उताऱ्यातला पोलीस मी मुद्दाम ठेवला आहे. पोलीस–पोलिसाने, दीर्घ ली ह्रस्व झाली, स मात्र शाबूत. श चा नियम नुकताच शिकलेली उत्साही विद्यार्थिनी इथे हमखास ‘पोलिशाने’ लिहील. तिला कापूस दाखवा, तुमच्याकडे काही कमी नाही.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. ‘आदिवासी’ला हा नियम लावू नका. ‘आदिवासींना, आदिवासींचा’ हेच लेखनात रुळले आहे, आणि ‘देशवासी’चे लोक ‘देशवासीयांना’ करतात. का, याची लांबण इथे नको. शिकवण्याच्या उताऱ्यातून हे शब्द वगळा, म्हणजे झाले.

राहता राहिली रहदारी. ‘राहणे’ हे क्रियापद ‘रहाणे’ असे लिहू नये, राहतो-राहिला लिहावे, हा नियम तुम्ही शिकवलात, आणि बायकांनी तो रहदारीलाही लावला. त्यांची चूक हुशारीची आहे. पण रहदारीचा राहण्याशी काही संबंध नाही, उलट ती न थांबणाऱ्यांची असते. फारसीत राह म्हणजे रस्ता, आणि फारसीतच त्याचे आखूड रूप ‘रह’. रहबर, रहनुमा यांत तेच आहे. राहदार म्हणजे रस्ता राखणारा आणि जाणाऱ्या-येणाऱ्याकडून पैसे घेणारा. त्याच्या वसुलीला राहदारी म्हणत. मोगल काळात हा कर व्यापाऱ्यांना इतका जाचक झाला, की औरंगजेबाने गादीवर आल्यावर तो माफ केला. निदान कागदावर. मराठीने करातला पैसा टाकून दिला आणि जा-ये तेवढी ठेवली. समृद्धी महामार्गावर टोल भरणारा माणूस शब्दशः राहदारी देतो, पण त्याला तो टोल म्हणतो आणि पुढच्या गाड्यांच्या रांगेला रहदारी. म्हणून मराठीत र ह्रस्व. ‘राहदारी’ लिहिले तर अर्धा गुण कापा; ‘राहिवासी’ लिहिले तरी तेवढाच.